आयपीओ ‘हमखास लावून देतो’ म्हणणारे ॲप आणि ग्रुप : अर्ज खरा आहे की नाही, कसं तपासायचं

गेल्या वर्षी मामांनी मला फोन दाखवला. हिरव्या रंगाचं, एखाद्या मोठ्या ब्रोकरच्या ॲपसारखं दिसणारं ॲप. त्यात त्या आठवड्यात चालू असलेल्या एका खऱ्या आयपीओचं नाव, खाली ‘अभिनंदन! ४,२८० शेअर अलॉट’ आणि त्याखाली लाल अक्षरात ‘उर्वरित रक्कम ५,४९,२०० रुपये आज सायंकाळी सहापर्यंत भरा, अन्यथा खातं गोठवलं जाईल’. पन्नास हजार त्यांनी आधीच पाठवले होते. बाकीचे जमवायला ते मुदत ठेव मोडायच्या विचारात होते, आणि मला त्यांनी फक्त एवढंच विचारलं, ‘अरे, ठेव मोडली तर व्याज किती कापतात?’

त्या स्क्रीनवर फसवणूक ओळखायला पुरेसं सगळं होतं. पण ती ओळखायची तर आधी खरा अर्ज कसा चालतो हे नीट माहीत हवं, आणि अनेक लोकांच्या मनात तोच क्रम उलटासुलटा असतो. म्हणून हा लेख क्रमाने वाचा. टप्पा तीन संपायच्या आत कुठेही पैसे हलवू नका.

आधी एक गोष्ट पक्की करा : पैसे कोणत्या दिशेने जातात

आयपीओ भरताना आपले पैसे कुणाकडेही जात नाहीत. ते आपल्याच बँक खात्यात अडकवून ठेवले जातात, म्हणजे ब्लॉक होतात. या पद्धतीला अस्बा म्हणतात आणि जानेवारी २०१६ पासून सामान्य गुंतवणूकदारांना ती बंधनकारक आहे. आयपीओ लागला तर लागलेल्या शेअरपुरती रक्कम खात्यातून वजा होते, नाही लागला तर अडकवलेली रक्कम मोकळी होते. बचत खात्यावरचं व्याज मधल्या काळातही चालूच राहतं.

यावरून दोन गोष्टी ठरतात. अर्जासाठी कुणी त्याच्या खात्यात पैसे ‘पाठवायला’ सांगत असेल, तर तो अर्जच नव्हे. आणि अलॉटमेंट, म्हणजे शेअरवाटप, झाल्यावर ‘उरलेली रक्कम भरा’ अशी मागणी सामान्य गुंतवणूकदाराकडे येऊच शकत नाही, कारण जेवढ्याचा अर्ज केला तेवढे पूर्ण पैसे आधीच अडकवलेले असतात. मागितले त्यापेक्षा जास्त शेअर कुणालाच मिळत नाहीत.

टप्पा १ : अर्जापूर्वीची तयारी

आयपीओ उघडायच्या दोन-तीन दिवस आधी या गोष्टी जवळ असू द्या:

१. स्वतःच्या नावाचं डीमॅट खातं आणि त्याचा सोळा अंकी क्रमांक. सीडीएसएल आणि एनएसडीएल या डीमॅटमधले शेअर सांभाळणाऱ्या दोन डिपॉझिटरी. सीडीएसएलचा क्रमांक सगळा अंकांचा असतो, एनएसडीएलचा ‘IN’ने सुरू होतो.

२. स्वतःच्याच नावाचं बँक खातं आणि त्याला जोडलेला यूपीआय आयडी. बायकोच्या अर्जाला नवऱ्याचा यूपीआय वापरला तर अर्ज बाद होतो. घरोघरी ही चूक होते, आणि नंतर ‘नशीब नव्हतं’ म्हणून सोडून दिली जाते.

३. डीमॅटला जोडलेला मोबाइल नंबर चालू आहे ना, हे बघा. शेअर जमा झाल्याचा निरोप त्याच नंबरवर येणार आहे.

४. एका पॅनवर एकच अर्ज. दोन ब्रोकरकडून दोन अर्ज केले तर संधी दुप्पट होत नाही, दोन्ही अर्ज बाद होऊ शकतात.

तपासा : डीमॅट खातं न उघडता आयपीओ मिळेल, असं ॲप म्हणत असेल तर इथेच थांबा. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने फेब्रुवारी २०२४ मध्ये नेमका याच प्रकाराबद्दल इशारा दिला होता. परदेशी संस्थात्मक गुंतवणूकदारांच्या नावाने ‘इन्स्टिट्यूशनल खातं’ उघडून देतो, डीमॅट लागत नाही, आयपीओ स्वस्तात मिळतो, असं सांगणाऱ्या टोळ्यांबद्दल. भारतात राहणाऱ्या सामान्य माणसाला तो मार्ग मोजके अपवाद सोडता खुलाच नाही.

टप्पा २ : इश्यू खरा आहे का आणि त्याच्या मूळ अटी काय आहेत

फसवणारे बहुतेकदा खऱ्याच आयपीओचं नाव घेतात. म्हणून नाव खरं आहे एवढ्यावर समाधान मानू नका, अटी जुळतात का ते बघा. nseindia.com किंवा bseindia.com वर चालू आयपीओंची यादी असते. तिथून वहीत पाच गोष्टी उतरवून घ्या: उघडण्याची आणि बंद होण्याची तारीख, किमतीचा पट्टा, लॉटमध्ये, म्हणजे एकत्रच मागाव्या लागणाऱ्या गठ्ठ्यात, किती शेअर, अर्ज आणि वाटपाचं काम बघणारा रजिस्ट्रार कोण, आणि किरकोळ गुंतवणूकदारांसाठी किती हिस्सा राखीव. जास्त खोलात जायचं तर कंपनीचं आरएचपी, म्हणजे इश्यूचं सविस्तर माहितीपत्रक, सेबीच्या संकेतस्थळावर मिळतं.

आता मामांचा आकडा घ्या. त्या इश्यूची वरची किंमत १४० रुपये आणि लॉट १०७ शेअरचा, म्हणजे एक लॉट १४,९८० रुपयांचा. किरकोळ गटात दोन लाखांपर्यंतच अर्ज करता येतो, म्हणजे जास्तीत जास्त १३ लॉट, १,३९१ शेअर. ॲप म्हणत होतं ४,२८० शेअर, म्हणजे बरोबर ४० लॉट, ५,९९,२०० रुपयांचे. किरकोळ गटात ही संख्या मिळणं शक्यच नाही. दोन लाखांवरच्या गटात गेलं तरी अर्ज आधी तेवढ्या रकमेचा हवा आणि तेवढे पैसे आधी ब्लॉक झालेले हवेत. मामांनी पाठवले होते पन्नास हजार. कॅल्सी घेऊन एवढंच समोर मांडलं, आणि मामा गप्प झाले.

सावधान : ‘क्यूआयबी कोट्यातून लावून देतो’ हे वाक्य ऐकलं की समजून जा. क्यूआयबी म्हणजे पात्र संस्थात्मक खरेदीदार; तो कोटा म्युच्युअल फंड, विमा कंपन्या, बँका, परदेशी संस्था यांच्यासाठी असतो, त्यात व्यक्तीला जागा नाही. खरे वेगळे कोटे दोनच आपल्या कामाचे: कंपनीच्या कर्मचाऱ्यांचा, आणि काही इश्यूंमध्ये मूळ कंपनीच्या भागधारकांचा. पुण्याच्या बजाज हाउसिंग फायनान्सच्या आयपीओत बजाज फायनान्स आणि बजाज फिनसर्वच्या भागधारकांना असा कोटा होता. त्यासाठीही अर्ज स्वतःच्या पॅनवरून, नेहमीच्याच मार्गाने करावा लागला.

टप्पा ३ : माणूस आणि ॲप तपासा

ॲपवाल्याने सेबीचा नोंदणी क्रमांक दिला असेलच, अनेकदा प्रमाणपत्राचा फोटोही. फोटो कशाचाही पुरावा नाही, कारण खऱ्या ब्रोकरचा क्रमांक चोरून तो छापलेला असतो. sebi.gov.in वर नोंदणीकृत मध्यस्थांची यादी उघडा आणि तो क्रमांक शोधा. स्टॉक ब्रोकरचा क्रमांक ‘INZ’ने, गुंतवणूक सल्लागाराचा ‘INA’ने, रिसर्च ॲनालिस्टचा ‘INH’ने सुरू होतो. तिथे जो फोन, ईमेल, संकेतस्थळ दिलं आहे त्यावर तुम्ही स्वतः संपर्क करून विचारा: ‘हे ॲप तुमचं आहे का?’ ग्रुपमध्ये दिलेल्या नंबरवर फोन करून खात्री करून घेणं म्हणजे चोरालाच साक्षीदार करणं.

ब्रोकरला व्यवहारासाठी पैसे द्यायचे असतील तर १ ऑक्टोबर २०२५ पासून सेबीने आणखी एक सोय केली आहे. नोंदणीकृत मध्यस्थांचे यूपीआय आयडी ‘@valid’ आणि पुढे बँकेचं नाव अशा धाटणीचे असतात, ब्रोकरच्या आयडीत ‘.brk’ही दिसतं. ‘SEBI Check’ या सोयीत यूपीआय आयडी किंवा खाते क्रमांक टाकून तो खरा आहे का ते बघता येतं. मामांनी ज्या खात्यात पैसे टाकले होते ते कुठल्या तरी ट्रेडर्सचं चालू खातं होतं. दुसरा हप्ता मागताना खातं बदललं होतं, तिथे एका एंटरप्रायझेसचं नाव. दर वेळी पैसे घेणारा वेगळा, ही खूण लक्षात ठेवा.

सावधान : नोंदणी खरी निघाली तरी ‘हमखास परतावा’ किंवा ‘हमखास अलॉटमेंट’ असं आश्वासन देता येत नाही. नोंदणीकृत मध्यस्थाने ते दिलं तर तो स्वतःच नियम मोडतो आहे.

टप्पा ४ : अर्ज भरा

मार्ग दोन. एक, आपल्या बँकेच्या नेटबँकिंगमधून. दुसरा, आपल्या नेहमीच्या ब्रोकरच्या ॲपमधून यूपीआय वापरून. दुसऱ्या मार्गात क्रम असा:

१. इश्यू निवडा, लॉट भरा, किंमत ‘कट-ऑफ’, म्हणजे शेवटी जी ठरेल ती, ठेवा.

२. स्वतःचा यूपीआय आयडी टाका आणि अर्ज पाठवा.

३. थोड्या वेळाने, कधी काही तासांनी, यूपीआय ॲपमध्ये मँडेटची, म्हणजे रक्कम अडकवायच्या परवानगीची, विनंती येते. इश्यूचं नाव आणि रक्कम वहीतल्या आकड्यांशी जुळते का ते बघा, मगच पिन टाका.

४. बँकेच्या ॲपमध्ये जाऊन अडकवलेली रक्कम ‘होल्ड’ किंवा ‘लीन’ म्हणून दिसते का ते बघा.

बंद होण्याच्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत मँडेट मंजूर व्हायला हवं. अर्ज केला, मँडेट मंजूर करायचं राहिलं, आणि ‘मी तर भरला होता’ म्हणणारे दर वेळी भेटतात. मँडेट नाही तर अर्ज नाही.

तपासा : खात्याच्या उताऱ्यात रक्कम ‘अडकलेली’ दिसली तर ठीक. कुणाच्या नावाने वजा झाली असेल तर तो आयपीओचा अर्ज नव्हे, ते पेमेंट आहे. बनावट ग्रुप मँडेटच्या नावाखाली ‘पैसे द्या’ची विनंती पाठवतात. दोन्हींत पिन मागतात, म्हणून माणूस फसतो. ‘Pay’ असं बटण दिसलं तर थांबा.

टप्पा ५ : आपला अर्ज एक्स्चेंजपर्यंत पोचला का

ॲपमध्ये ‘अर्ज यशस्वी’ दिसतं ते फक्त त्या ॲपचं म्हणणं. एनएसईच्या संकेतस्थळावर ‘Verify IPO Bids’ नावाची सोय आहे. तिथे नोंदणी करून पॅन आणि अर्ज क्रमांकाने आपली बोली दिसते. बीएसईवर हे पान आहे:

```
https://www.bseindia.com/investors/appli_check.aspx
```

अर्ज क्रमांक ॲपमध्ये सापडला नाही तर ब्रोकरकडे मागा. खरा अर्ज असेल तर क्रमांक असतोच. मामांच्या ॲपमध्ये ‘ऑर्डर आयडी’ होता, पण तो कोणत्याच एक्स्चेंजवर सापडत नव्हता, कारण अर्ज कधी केलाच नव्हता. आयपीओचं नाव, लोगो, तारखा खऱ्या होत्या, मधला अर्ज तेवढा नव्हता.

टप्पा ६ : ‘किती पट भरला’ हा आकडा खरा कसा बघायचा

ग्रुपमध्ये रोज दुपारी एक चित्र येतं: ‘क्यूआयबी १८० पट! शेवटची संधी!’ पट म्हणजे विक्रीला असलेल्या शेअरच्या किती पट मागणी आली. ते चित्र बाजूला ठेवा आणि एक्स्चेंजवर बघा. इथे तीन चुका होतात.

पहिली, एकाच एक्स्चेंजचा आकडा बघणं. बोली एनएसई आणि बीएसई दोन्हीकडे लागते, एकावर बघितलं तर इश्यू भरलाच नाही असं वाटतं. दोन्ही मिळूनचा एकत्रित तक्ता बघा.

दुसरी, एकूण पट बघणं. संस्थांचा गट शेवटच्या दिवशी जोरात भरतो आणि एकूण आकडा फुगवतो. आपल्याला काम आहे ते किरकोळ गटाच्या ओळीशी. ह्युंदाई मोटर इंडियाचा ऑक्टोबर २०२४ चा इश्यू एकूण २.३७ पट भरला होता, पण किरकोळ गट फक्त निम्मा, ०.५० पट. म्हणजे ज्याने नीट अर्ज केला त्या प्रत्येकाला मागितले तेवढे शेअर मिळाले, कुणाच्याही ‘सेटिंग’शिवाय. आणि १,९६० रुपयांचा तो शेअर २२ ऑक्टोबरला एनएसईवर १,९३४ ला उघडला. अलॉटमेंट हमखास होती तेव्हा फायदा नव्हता. याउलट बजाज हाउसिंग ७० रुपयांचा शेअर सप्टेंबर २०२४ मध्ये १५० वर उघडला, पण तिथे किरकोळ गटातल्या बहुतेकांच्या हाती काहीच आलं नाही. ज्या इश्यूवर सगळ्यांच्या उड्या पडतात तिथे सोडत लागते आणि जिथे सहज मिळतो तिथे नफ्याची शक्यता कमी. ग्रुपवाले या दोन्ही गोष्टी एकत्र देण्याचं वचन देतात.

तिसरी चूक हिशोबाची. पट मोजतात शेअरवर, पण किरकोळ सोडत निघते अर्जांवर. समजा किरकोळ गटाला ४० लाख शेअर आहेत आणि लॉट ४० चा. म्हणजे एक लाख लॉट. वैध अर्ज आले सहा लाख, पण अनेकांनी दोन-तीन लॉट मागितल्याने मागणी झाली नऊ लाख लॉटची. तक्त्यावर ‘९ पट’ दिसेल. पण संगणकावरची सोडत प्रत्येक यशस्वी अर्जाला एकच लॉट देते, त्यामुळे शक्यता नऊला एक नाही, सहाला एक. पाच लॉट मागितल्याने ती वाढत नाही. म्हणून तक्त्यात अर्जांची संख्याही बघा. एक्स्चेंजवरच्या अर्जांत मँडेट न मंजूर झालेलेही असू शकतात, म्हणून अंतिम गुणोत्तर अलॉटमेंटनंतर वर्तमानपत्रात येणाऱ्या ‘बेसिस ऑफ अलॉटमेंट’च्या जाहिरातीतच कळतं.

सोडत अशी असताना कोणीही ‘लावून’ देऊ शकत नाही. घरातल्या चार जणांच्या चार पॅनवरून, चौघांच्या स्वतःच्या खात्यांतून एकेक लॉट भरणं, एवढाच शक्यता वाढवायचा खरा मार्ग.

जीएमपीबद्दल थोडक्यात: तो ग्रे मार्केटमधला, म्हणजे लिस्टिंगआधीच्या अनधिकृत बाजारातला, तोंडी जादा भाव आहे. कोणत्याही एक्स्चेंजवर त्याची नोंद नसते. त्यामुळे तो आकडा कुणीही कितीही सांगू शकतो.

टप्पा ७ : लागला का, हे तीन ठिकाणी जुळवा

१ डिसेंबर २०२३ पासून वेळापत्रक ठरलेलं आहे. बंद झाल्यापासून कामकाजाच्या दिवसांत मोजा: पहिल्या दिवशी अलॉटमेंट ठरते, दुसऱ्या दिवशी पैसे मोकळे होतात आणि शेअर डीमॅटला जमा होतात, तिसऱ्या दिवशी लिस्टिंग, म्हणजे बाजारात खरेदी-विक्री सुरू.

१. रजिस्ट्रारच्या संकेतस्थळावर पॅन टाका. रजिस्ट्रार कोण ते वहीत आहेच; केफिन टेक्नॉलॉजीज, एमयूएफजी इनटाइम, बिगशेअर ही नेहमीची नावं. पत्ता स्वतः टाइप करा, ग्रुपमधल्या लिंकवरून जाऊ नका.

२. बँक खात्यात फक्त लागलेल्या शेअरची रक्कम वजा झाली आहे का ते बघा.

३. लिस्टिंगच्या आदल्या संध्याकाळी सीडीएसएल किंवा एनएसडीएलचा एसएमएस आणि त्यांच्या स्वतःच्या ॲपमधली शिल्लक बघा. ब्रोकरचं ॲप नव्हे, डिपॉझिटरीचं.

तिन्ही जुळलं तरच शेअर आपले. ॲपमध्ये नफा दिसतो आणि डिपॉझिटरीत काही नाही, तर तो आकडा फक्त चित्र आहे. आधी पाच हजारांचा ‘नफा’ खरंच खात्यात आला असेल तरी फसू नका, तो पुढच्या मोठ्या रकमेसाठी दिलेला असतो.

सावधान : नफा काढायला ‘आधी २० टक्के कर भरा’ ही मागणी खोटी. शेअरच्या नफ्यावरचा कर आपण आपल्या विवरणपत्रासोबत सरकारकडे भरतो. कोणतंही ॲप तो आगाऊ वसूल करत नाही.

टप्पा ८ : पैसे गेलेच असतील तर

इथे क्रमच सगळं ठरवतो.

१. लगेच १९३० वर फोन. दुसऱ्याला विचारत बसू नका, रात्र असली तरी लावा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवता येतात ते पहिल्या काही तासांतच.

२. त्याच वेळी आपल्या बँकेला कळवा आणि व्यवहाराचा यूटीआर क्रमांक द्या.

३. cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवा. ग्रुपचे स्क्रीनशॉट, समोरच्याचे नंबर, ज्या खात्यांत पैसे गेले त्यांचे तपशील, ॲपची लिंक जोडा.

४. ग्रुप सोडू नका, चॅट पुसू नका, ॲप काढून टाकू नका, आधी सगळं जतन करा. मात्र तिथे ‘मला कळलंय’ असं लिहूही नका. दहा मिनिटांत सगळं पुसून ते गायब होतात.

५. ॲपने स्क्रीन दिसण्याची किंवा एसएमएस वाचण्याची परवानगी घेतली असेल तर पुरावे घेतल्यावर फोनचं इंटरनेट बंद करा आणि दुसऱ्या फोनवरून बँकेचे पासवर्ड बदला.

सेबीच्या स्कोअर्स या तक्रार संकेतस्थळावर तक्रार केली तर ती नोंदणीकृत मध्यस्थ आणि कंपन्यांबद्दल चालते. बनावट ॲपचा मार्ग पोलिसांकडूनच जातो, त्यात दिवस घालवू नका.

मामांनी मंगळवारी पैसे पाठवले होते आणि मला फोन दाखवला गुरुवारी. १९३० वर लावला तेव्हा पन्नास हजारांपैकी थोडे पुढच्या एका खात्यात सापडून गोठले, बाकीचे निघून गेले होते. महिनाभराने त्यांना एका ‘वकिलाचा’ फोन आला: तुमचे सगळे पैसे परत मिळवून देतो, फक्त आठ हजार फी आधी भरा. तक्रारीचा सगळा तपशील त्याला माहीत होता. हीही त्याच टोळीची दुसरी फेरी. या वेळी मामांनी फोन ठेवला आणि तो नंबर आधीच्याच तक्रारीत जोडायला माझ्याकडे पाठवला.